एकाच गाडीला वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर : जोडी कशी लावायची आणि चांगली जोडी मागे का

दोन वर्षांपूर्वी, जुलै २०२४ मध्ये, मुलुंडहून अंधेरीला जाताना पवई तलावाच्या कडेने जाणाऱ्या वळणावर माझ्या गाडीचा मागचा भाग घसरला. पाऊस जोरात होता, वेग पंचावन्न-साठच्या आसपास, मागच्या सीटवर आई. पुढचा टेम्पो हळू झाला म्हणून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. तेवढ्यानेच मागची चाकं बाहेरच्या बाजूला गेली. गाडीचं तोंड दुभाजकाकडे वळलं आणि माझ्या हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं झालं. शेजारची लेन रिकामी होती म्हणून निभावलं. आईने पुढच्या सिग्नलपर्यंत सीटचा हात सोडला नव्हता.

मला हे समजतच नव्हतं, कारण दीड महिन्यापूर्वीच मी दोन कोरे टायर घातले होते. गाडी सेकंड-हँड घेतलेली, पुढचे टायर गुळगुळीत झालेले, म्हणून पावसाळ्याआधी पुढे नवी जोडी टाकली. पुढे महिनाभर मी हा विषय उलगडत बसले. टायर काढून बघितले, मोजले, दोन जुन्या जाणत्या मेकॅनिकांशी बोलले. तेव्हा कळलं की चूक दोन नवे टायर घेण्यात नव्हती. ते कुठे बसवले आणि मागे काय उरलं होतं, त्यात होती.

बहुतेकांना चारही टायर एकदम बदलणं परवडत नाही. खड्ड्यात टायर फुटतो, एक घ्यावा लागतो, दुकानात तोच ब्रँड नसतो. अशा वेळी वेगवेगळे टायर एकत्र येणारच. ते कसे एकत्र आणायचे आणि कसे अजिबात नाही, ते मी केलं त्या क्रमाने लिहिते. हे सगळं साध्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे. मुंबईत दिसणाऱ्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडान अशाच असतात. चारही चाकांवर चालणारी गाडी असेल तर मिसळ करूच नका, कारण तिथे चाकांच्या घेरातल्या फरकाचा ताण थेट गिअरच्या यंत्रणेवर येतो. चारही टायर एकाच मॉडेलचे आणि सारखे झिजलेले लागतात.

आधी हाताशी काय ठेवायचं

- टायरच्या खाचांची खोली मोजायचा गेज. शे-दोनशे रुपयांत मिळतो.
- हवेचा दाब मोजायचा गेज, टॉर्च आणि खडू.
- गाडीचं मॅन्युअल. टायरचा साइज आणि हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरही असतो.
- आधीच्या टायरांची बिलं आणि वॉरंटी कार्डं, असतील तर.
- कागद आणि पेन. फोनवर फोटो काढून ठेवले तर दुकानात उपयोगी पडतात.

१. पाचही टायरांची नोंद करा

पाच, कारण स्टेपनीसुद्धा यातच येते. सपाट जागी गाडी लावा आणि कागदावर गाडीची आकृती काढून प्रत्येक चाकापुढे चार गोष्टी लिहा : कंपनी आणि मॉडेलचं नाव, साइज, कधी बनला, खाचांची खोली किती.

मॉडेलचं नाव लिहायला विसरू नका. आपण “माझे चारही टायर एकाच कंपनीचे आहेत” म्हणतो आणि निश्चिंत होतो. पण एकाच कंपनीचे दोन मॉडेल रबराने, नक्षीने आणि बाजूच्या भिंतीच्या कडकपणाने दोन वेगळ्या कंपन्यांच्या टायरांइतके वेगळे असू शकतात. एक मॉडेल जास्त किलोमीटर चालावं म्हणून बनवलेलं असतं, दुसरं ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी. नुसती कंपनी जुळली तर काहीच जुळलं नाही असं समजा.

साइज टायरच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत असतो, उदाहरणार्थ १८५/६५ आर १५, आणि त्यानंतर ८८ एच किंवा ८८ टी. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ म्हणजे रिमचे इंच. ८८ म्हणजे तो टायर ५६० किलो वजन पेलतो. शेवटचं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं : टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०. आपण त्या वेगाने जाणार नसतो, पण गाडीच्या कंपनीने जे वजन आणि अक्षर दिलं आहे त्याखालचा टायर घ्यायचा नाही.

बनल्याची तारीख चार आकड्यांत, एका लंबगोलात कोरलेली असते. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हा आकडा भिंतीच्या एकाच बाजूला असतो आणि कधी कधी ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला येते. तेव्हा टॉर्च घेऊन खाली वाकावं लागतं.

खोली तीन ठिकाणी मोजायची : आतली कड, मध्य, बाहेरची कड. सगळ्यांत कमी आकडा खरा धरायचा. नव्या टायरची खोली साधारण सात-आठ मिलिमीटर असते. खाचांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की १.६ मिलिमीटर उरलेलं असतं आणि कायद्याने तो टायर संपला. पण मुंबईच्या पावसाळ्यासाठी मी १.६ पर्यंत थांबत नाही. तीनच्या खाली गेला की ओल्या रस्त्यावरचा फरक स्पष्ट जाणवतो.

माझ्या कागदावर त्या दिवशी हे आलं. पुढे दोन्ही कोरे, एकाच मॉडेलचे, ७.५ मिलिमीटर. मागे उजवा २०१८ सालचा, ३.२ मिलिमीटर. मागे डावा तिसऱ्याच कंपनीचा, २०२० सालचा, ४.६ मिलिमीटर, व्ही आकाराच्या नक्षीचा. स्टेपनी २०१८ ची, भिंतीला चीर गेलेली. म्हणजे आधीच्या मालकाचा एक टायर फुटला असणार आणि हाती लागला तो एक त्याने मागे लावून टाकला.

२. नक्षी कोणत्या जातीची आहे ते ओळखा

यात तीन जाती येतात. साध्या नक्षीचा टायर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, कुठल्याही चाकाला कसाही चालतो.

दुसरी जात दिशेची. नक्षी व्ही आकाराची असते आणि भिंतीवर बाण असतो, सोबत इंग्रजीत ‘रोटेशन’ असं कोरलेलं. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेला बाण हवा. समोरून बघितलं तर व्हीचं टोक आधी जमिनीला टेकतं आणि पाणी मध्यातून दोन्ही कडांना ढकललं जातं. उलटा बसवला तर तोच टायर पाणी कडांकडून मध्याकडे गोळा करतो.

तिसऱ्या जातीत टायरच्या बाहेरच्या आणि आतल्या अर्ध्यावर वेगळी नक्षी असते. भिंतीवर इंग्रजीत ‘आउटसाइड’ कोरलेलं असतं, ती बाजू बाहेर दिसली पाहिजे. हे टायर डावी-उजवीकडे फिरवता येतात, पण आतली बाजू बाहेर करून बसवता येत नाहीत.

माझा मागचा डावा टायर दिशेचा होता आणि बाण मागे दाखवत होता. उजव्या बाजूसाठी रिमवर चढवलेला टायर कुणीतरी तसाच डावीकडे लावला होता. गाडीखाली टॉर्च मारून मी तो बाण बोटाने चाचपून पाहिला, मग फोटो काढला आणि पुन्हा पाहिला. चाक उलट्या दिशेने फिरत होतं, इतके दिवस, आणि सर्व्हिसिंगमध्येही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

३. मिसळ कुठे आहे ते ठरवा : डावी-उजवी की पुढे-मागे

सगळा निर्णय या पायरीवर होतो, म्हणून इथे थोडी थांबते.

एकाच एक्सलवर, म्हणजे पुढच्या दोन चाकांत किंवा मागच्या दोन चाकांत, वेगळे टायर असतील तर ती वाईट मिसळ. जोरात ब्रेक लावला की डाव्या आणि उजव्या चाकाची पकड वेगळी पडते आणि गाडी जास्त पकड असलेल्या बाजूला ओढली जाते. ओल्या रस्त्यावर ही ओढ वाढते, कारण एक टायर पाणी काढतो आणि दुसरा काढत नाही. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण जी पकड टायरमध्येच नाही ती त्याला आणता येत नाही.

शिवाय घेराचा फरक असतो. माझ्या साइजच्या नव्या टायरचा घेर साधारण १९५० मिलिमीटर. पाच मिलिमीटर झिजलेल्या टायरचा घेर ३१ मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे दीड टक्क्याहून जास्त. पुढच्या दोन चाकांत एवढा फरक असेल तर डिफरन्शिअल, म्हणजे त्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा, सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतं.

पुढची जोडी एका मॉडेलची आणि मागची जोडी दुसऱ्या मॉडेलची, पण साइज योग्य आणि प्रत्येक जोडीत दोन्ही टायर सारखे, ही मात्र चालू शकणारी मिसळ. आदर्श नाही, पण सांभाळता येते. फक्त कोणती जोडी पुढे आणि कोणती मागे, हे बरोबर ठरवावं लागतं. माझी घसरण झाली ती याच ठिकाणी.

वळणावर पुढच्या टायरांची पकड आधी सुटली तर गाडी वळायला नकार देते, सरळ जाऊ पाहते. तुम्ही घाबरून ॲक्सिलरेटर सोडता आणि नेमकं तेच उपयोगी पडतं : वेग कमी होतो, वजन पुढे येतं, पुढच्या टायरांना पकड परत मिळते. मागच्या टायरांची पकड आधी सुटली तर सगळं उलटं होतं. ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि आणखी घसरतात. गाडी स्वतःभोवती फिरू लागते. तेव्हा स्टिअरिंग उलट दिशेला, नेमकं हवं तेवढंच फिरवावं लागतं, आणि ते तुम्हाआम्हाला पावसात अर्ध्या सेकंदात जमत नाही. म्हणून टायर कंपन्या सांगतात की दोनच नवे घेतले तर ते मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालत असली तरीही.

पाण्याचा हिशोब केला की हे आणखी पटतं. १८५ रुंदीच्या टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा साधारण पंधरा सेंटिमीटर धरा. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आणि ताशी ८० चा वेग. प्रत्येक पुढच्या चाकाला सेकंदाला जवळजवळ दहा लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे दर दोन सेकंदांना बिसलेरीचा वीस लिटरचा एक जार. हे पाणी खाचांमधूनच निघतं. खाच उथळ असेल तर ते जागच्या जागी दबतं आणि टायर त्यावर चढतो. सरळ रस्त्यावर मागची चाकं पुढच्यांनी मोकळ्या केलेल्या पट्ट्यावरून जातात, म्हणून झिजलेले मागचे टायर सरळ चालताना कळत नाहीत. वळणावर मात्र मागच्या चाकांची वाट वेगळी पडते आणि त्यांना न सारलेलं पाणी लागतं.

कोरड्या रस्त्यावरही फरक पडतो, पण तो वेगळा. कडक भिंतीचा टायर स्टिअरिंग फिरवताच वळतो, मऊ भिंतीचा आधी झुकतो आणि मग वळतो. पुढे कडक आणि मागे मऊ अशी जोडी असली तर ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर सत्तरच्या वेगाने लेन बदलताना आधी गाडीचं नाक जातं, क्षणभराने मागचा भाग डुलत मागून येतो. मागे बसणाऱ्याला ते आधी जाणवतं. आई महिनाभर म्हणत होती, “अगं, मागे हेलकावा बसतोय,” आणि मी सस्पेन्शनवर संशय घेत होते.

४. दोन घ्यायचे की चार ते ठरवा

उरलेल्या दोन टायरांना दोन प्रश्न विचारा. दोघं एकाच मॉडेलचे आहेत का? आणि खोली चार मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त, वय पाच वर्षांच्या आत आहे का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर दोनच नवे घ्या, ते मागे लावा आणि जुनी जोडी पुढे आणा.

वयाचा प्रश्न मुद्दाम घातला आहे. रबर उन्हाने आणि हवेने कडक होतं. सोसायटीच्या आवारात वर्षभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरची खोली चांगली दिसते, पण नख रुतत नाही आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसतात. असा पाच मिलिमीटरचा टायर ओल्या रस्त्यावर चार मिलिमीटरच्या ताज्या टायरपेक्षा वाईट. चांगली जोडी ठरवताना खोली आणि वय दोन्ही बघा.

माझी मागची जोडी पहिल्याच प्रश्नाला नापास झाली. तिला पुढे आणून काही साधणार नव्हतं, कारण ब्रेकचा बहुतेक भार पुढच्या चाकांवर येतो आणि तिथे डावं-उजवं वेगळं असणं म्हणजे प्रत्येक ब्रेकला गाडी ओढणं. म्हणून मी पुढच्या जोडीच्याच मॉडेलचे आणखी दोन घेतले. महिन्याचा हिशोब कोलमडला, पण दुसरा सुरक्षित मार्ग नव्हता. आधीच पाचही टायर मोजले असते तर पहिल्या खेपेलाच चार घेऊन घासाघीस करता आली असती.

एकच टायर फुटला असेल तर? मुंबईच्या खड्ड्यांमुळे हे सगळ्यांत जास्त घडतं. आधी स्टेपनी बघा. ती मूळ सेटमधली, त्याच मॉडेलची आणि फारशी जुनी नसेल तर तिला कामाला लावा. ते जमत नसेल तर त्याच मॉडेलचा एक नवा शोधा, आणि तो उरलेल्या तिघांतल्या सर्वांत कमी झिजलेल्या टायरसोबत मागे लावा. दोघांच्या खोलीत दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक पडत असेल तर मी एकाऐवजी दोन घेईन. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणी सुटे वापरलेले टायरही मिळतात. तिथून घ्यायचा असेल तर चार आकडे वाचल्याशिवाय आणि आतल्या बाजूला हात फिरवून पॅच आहे का हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

५. दुकानात उभं राहून काम करून घ्या

मी पहिल्यांदा नवी जोडी पुढे लावली ती दुकानदाराच्या सांगण्यावरून. “ताई, इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे, मग नवा टायर पुढेच ना!” हा युक्तिवाद ऐकायला इतका बरोबर वाटतो की मी मान हलवली. पुढचे टायर लवकर झिजतात हे खरं आहे, पण त्यावर उपाय वेळच्या वेळी अदलाबदल करणं हा आहे. दुसऱ्या वेळी मी दुसऱ्या दुकानात गेले आणि गाडी जॅकवर चढायच्या आधीच कागदावरची आकृती दाखवली.

तुम्हाला दोनच टायर घ्यायचे असतील तर सरळ सांगा : “नवी जोडी मागे, मागची पुढे, आणि चारही चाकांचं बॅलन्सिंग.” काम वाढतं म्हणून कधी कुरकुर होते. अदलाबदलीचे थोडे पैसे लागले तर द्या.

टायर रिमवर चढवण्याआधी चार आकडी तारीख वाचा. दोन्ही नव्या टायरांची तारीख जवळजवळ हवी. दिशेचा टायर असेल तर बाणावर खडूने मोठी खूण करा, ‘आउटसाइड’ असेल तर त्या बाजूलाही. गर्दीच्या वेळी मशीनवरच्या मुलाला ते कोरलेलं दिसत नाही. चाकं चढली की गाडीभोवती एक फेरी मारा आणि बाण पुढे आहेत ना बघा. आधी सांगितलं तर पाच मिनिटांत दुरुस्त होतं, घरी गेल्यावर अर्धा दिवस जातो.

दाब स्टिकरप्रमाणेच ठेवा. “पावसाळ्यात थोडी कमी हवा बरी” असं काहीजण सांगतात. ओल्या रस्त्यावर ते उलट धोक्याचं, कारण कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर चढतो. बिलावर मॉडेलचं नाव आणि टायरचा सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो.

६. बाहेर पडल्यावर तपासा

नव्या टायरवर साच्यातला तेलकट थर असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर अंतर ठेवून, हळू वळत चालवा. हा काळ पावसाआधी संपलेला बरा. मुंबईत मॉन्सूनची सरासरी तारीख ११ जून आहे, म्हणून काम मेच्या मध्यापर्यंत उरकायचं.

मग सकाळी लवकर, रिकाम्या सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगाने स्टिअरिंग सैल धरा. रस्ता कडेला थोडा उतरता असतो, त्यामुळे किंचित डावीकडे जाणं साहजिक आहे. स्पष्ट ओढ असेल तर एक साधी कसोटी आहे : पुढच्या दोन चाकांची डावी-उजवी अदलाबदल करा. ओढीची दिशा उलटली तर दोष टायरमध्ये आहे. दिशा तीच राहिली तर अलाइनमेंट, ब्रेक किंवा दुसरं काही बघावं लागेल. आमच्या शेजारच्या काकांनी डावा पुढचा टायर एकटाच वेगळ्या मॉडेलचा घातला होता. गाडी डावीकडे ओढायची म्हणून त्यांनी तीनदा अलाइनमेंट केली. चाकं बदलून पाहिल्यावर गाडी उजवीकडे ओढू लागली आणि प्रश्न वीस मिनिटांत सुटला. पुढे दिशेचे टायर असतील तर ही कसोटी करू नका, कारण बाण उलटे होतात.

त्यानंतर मागे कुणी वाहन नाही हे बघून तिथेच चाळीसवरून जोरात ब्रेक लावा. गाडी सरळ थांबली पाहिजे. हे एकदा कोरड्यात आणि एकदा ओल्यात करा.

७. स्टेपनी आणि पुढची अदलाबदल

वरच्या व्हेरिएंटच्या अनेक गाड्यांना चाकं १५ किंवा १६ इंचांची अलॉय आणि स्टेपनी मात्र १४ इंचांची लोखंडी मिळते. साइज वेगळा म्हणजे पकड आणि उंची दोन्ही वेगळी. तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, बहुतेक वेळा ताशी ८०. ती पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचण्यासाठी आहे, आठवडाभर वापरायला नाही. एक्स्प्रेस वेवर पंक्चर झालं तर लोणावळ्यात किंवा खोपोलीत थांबून मूळ चाक दुरुस्त करून घ्या. स्टेपनी लावून घाट उतरू नका.

माझा व्ही नक्षीचा २०२० चा टायर मी स्टेपनी म्हणून ठेवला आहे. रिमवर पांढऱ्या ऑइलपेंटने ‘उजवी बाजू’ लिहिलं आहे. डावीकडे लावावा लागला तर बाण उलटा येईल, तेव्हा पावसात चाळीसच्या वर जायचं नाही, हे घरात गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना सांगितलं आहे. या वर्षी तो सहा वर्षांचा होतोय, दिवाळीपर्यंत तोही जाईल.

पुढचे टायर लवकर झिजतात म्हणून आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची जोडी मागे आणि मागची पुढे करतात. यात एक मेख आहे. ही अदलाबदल मे महिन्यात केली तर जास्त झिजलेली जोडी ऐन पावसाळ्यात मागे जाते. म्हणून मी ती पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी करते. कोरड्या महिन्यांत मागची जोडी थोडी जास्त झिजलेली असली तरी फरक पडत नाही, आणि पुढे आलेली चांगली जोडी झिजून पुढच्या पावसाळ्यापर्यंत दोन्ही जोड्या बरोबरीला येतात. गेल्या मेमध्ये मोजलं तेव्हा पुढे ५.१ आणि मागे ५.३ निघालं. गेज आता गाडीच्या कप्प्यातच असतो, आणि पवईच्या त्या वळणावरून जाताना आई सीटचा हात धरत नाही.